उभ्या धानात लाखोरी

ओमेश्वरीला रीत म्हणून नव्हती, असं तिच्या सासूचं, दुलारीबाईंचं ठाम मत होतं. धानाची कापणी व्हायची होती, आणि ही सून उभ्या पिकात लाखोरीच्या डाळीचं बी फेकत सुटली होती!

"काऊन वं, पाखरं जेवाले बोलावली का?"

"तलावात पाणी कमी हाय, आई. यंदा उन्हाळी धानाले नहर सुटणार नाई. माह्या माहेरी नहरच नाई, तिथं ओल हाय तवाच बी टाकतेत."

दुलारीबाईंच्या बांधीत, त्या बांध घातलेल्या शेतात, आजवर खरिपाला धान आणि उन्हाळ्यालाही धानच. कापणीत सुनेनं धसकटं उंच ठेवायला लावली, तेव्हा ढोरांना घालायची तणीस कमी झाली म्हणून त्या चडफडल्या. पण न नांगरता, मजुरांच्या पायांखाली बी जगतं तरी कसं, हे बघितल्याशिवाय त्यांना राहवेना. कोणी नाही असं बघून त्या बांधीत उतरल्या आणि धसकटं बाजूला सारली. खाली हिरवी रोपं तरारली होती. एक उपटून पाहिलं, तर मूळ ओलीत चांगलं खोल गेलेलं.

मागं ओमेश्वरी उभी होती.

"हासू नोको," दुलारीबाई म्हणाल्या. "तुह्या माहेरचं शहाणपण खरं निंघालं, एवढंच. आता गावची मोकाट ढोरं हाकलाले मी बसतो. तुले तं बकरीबी भेत नाई."