एकवीस पेपर, एक हात

कौसल्याच्या वर्गातल्या बायका नापास झाल्या असत्या तर काहीच बिघडलं नसतं. त्या फार चांगल्या पास झाल्या, तिथं घोटाळा झाला.

मंठ्यापासून आठ किलोमीटरवरचं गाव, साल शहाण्णव. साक्षरता अभियान चालू होतं आणि गावोगावी स्वयंसेवक नेमले होते. पगार काही नाही. पण वर्ग उत्तीर्ण झाला तर प्रमाणपत्र, आणि ते हातात असलं की गावच्या अंगणवाडीतल्या रिकाम्या जागेवर आधी विचार. कौसल्या दहावी पास होती. नवऱ्यानं टाकली म्हणून बौद्धवाड्यात भावाकडं राहायची आणि भावजय ताटात भाकरी टाकताना ती मोजून टाकायची. तिला ती जागा हवी होती.

सरकारी पुस्तकं वेळेवर आली नाहीत, म्हणून सरावाचे कागद तिनं स्वतःच केले. कार्बन घालून एका वेळी चार. वर-खाली दोन रेघा, मधे अक्षर. पहिल्या ओळीत ठिपक्यांचा 'ग', त्यावर गिरवायचं. दुसऱ्या ओळीत ठिपके विरळ. तिसरीत फक्त सुरुवातीचा ठिपका. चौथी ओळ रिकामी, तिथं ज्याचं त्यानं निस्तरायचं. लाल पेनानं बाण आणि क्रमांक: एक, डावीकडचा आकडा वरून खाली येऊन गाठीत संपतो, दोन, उभी काठी, तीही वरूनच, तीन, डोक्यावरची रेघ, डावीकडून उजवीकडं, सगळ्यात शेवटी. दोन अक्षरांत ज्वारीच्या दाण्याएवढी फट, दोन शब्दांत करंगळी. ही नुसती उपमा नव्हे. वर्गात खरोखर दाणे ठेवलेले असत आणि बायकांना करंगळी कागदावर टेकवावीच लागे.

"घर बांधून मंग पत्रे टाकायचे, मावशी. आधी पत्रे टाकून खाली भिंती बांधता का?" ती गोजरबाईला म्हणायची.

गोजरबाई पंचावन्नची, बारा एकरवाली, वर्गातली म्होरकी. "आमच्या लेकीनं आधी पत्रेच टाकले, भित मागून बांधली," ती म्हणायची, "पण तू म्हणतीस तर तसं." आणि खोडून पुन्हा लिहायची.

सहा महिने रोज दुपारी दोन ते चार हे चाललं. पेपर झाले. नाव, गाव, चार शब्द, एक वाक्य. पेपर तालुक्याला गेले आणि आठवड्यानं मूल्यमापनाचे साहेब जीपमधून आले. त्यांनी एकवीस पेपर शाळेच्या टेबलावर पत्त्यांसारखे पसरले.

"बाई, हे सगळं एकाच माणसानं लिहिलंय."

"न्हाई साहेब, एकवीस जणींनी लिहिलंय."

"फट बघा. उंची बघा. रेघ बघा. एकवीस माणसांची अक्षरं एवढी सारखी असतात का? शेजारच्या गावात बघा, प्रत्येकाचं वेगळं. शंभर टक्के निकाल दिला मी."

शेजारच्या गावचे स्वयंसेवक बद्रीनाथ. त्यांनी वर्ग एकदाही घेतला नव्हता. पेपर स्वतःच लिहिले होते: काही उजव्या हातानं, काही डाव्या हातानं, दोन-तीन चालत्या बैलगाडीत. कष्ट त्यांनीही घेतले होते, हे मान्य केलं पाहिजे.

साहेब मनानं वाईट नव्हते. "उद्या येतो," ते म्हणाले. "माझ्यासमोर लिहू द्या. लिहिलं तर पास."

कौसल्या निर्धास्त झोपली.

सकाळी हापशावर गोजरबाईला बद्रीनाथ भेटले. सायकलवरून मंठ्याला निघाले होते. त्यांना अनुभव होता आणि तो ते फुकट वाटत.

"साहेबाला एकसारखं चालत न्हाई, काकू. जितकं वाकडं तितकं खरं. तुमचं अक्षर एक आलं म्हणून तर ती पोरगी अडकून राह्यली."

"आं? आमच्यापायी?"

"मंग कुणापायी?"

गोजरबाईनं घागर तिथंच ठेवली आणि बाकीच्या वीस जणींची घरं पालथी घातली. कौसल्याला कुणी काही सांगितलं नाही. तिला उगाच घोर कशाला?

दुपारी साहेबांनी कौसल्याला व्हरांड्यात उभं केलं. ती खिडकीच्या गजांतून बघत होती. गोजरबाईनं पेन्सिल मुठीत धरली, लाटणं धरावं तशी. आधी डोक्यावरची रेघ मारली, तीही उजवीकडून डावीकडं, आणि खाली दोरीवर चिरगुटं लटकवावीत तशी अक्षरं लटकवली. 'ग' भाकरीएवढा, 'ज' मुंगीएवढा. सोनूबाईनं सगळं वाक्य एका श्वासात जोडून टाकलं. दुर्गाबाईची मात्र पंचाईत झाली. हाताला वळण पडलेलं. पहिलंच अक्षर नेटकं उतरलं. ती घाबरली, थुंकी लावली आणि अंगठ्यानं कागद फाटेस्तोवर घासला.

"मावशी! रेघ शेवटी! डावीकडून!" कौसल्या ओरडली.

"बाई, सांगायचं नाही," साहेब म्हणाले.

गोजरबाईनं खिडकीकडं बघून डोळा मारला. पोरगी साहेबापुढं नाटक बराबर करून राह्यली, असं तिला वाटलं.

साहेबांनी कागद गोळा केले. आधीचे एका बाजूला, आजचे दुसऱ्या बाजूला. कौसल्याला आत बोलावलं.

"हे यांचं खरं अक्षर. मग ते कुणाचं?"

गोजरबाईच्या तोंडावरचं हसू हळूहळू उतरलं.

"आमचंच की, साहेब! थांबा, दाखविते जल्दी—"

"दोनदा परीक्षा झाली. तिसरी नियमात नाही." साहेबांनी पेन्सिली मोजून डब्यात टाकल्या.

गोजरबाई पळत बाहेर गेली, शाळेच्या चुलीतला कोळसा आणला आणि भिंतीवर लिहिलं: गोजरबाई. आकडा, काठी, दाण्याएवढी फट, आणि शेवटी एका दमात रेघ, डावीकडून उजवीकडं. इतकं सुंदर तिनं सहा महिन्यांत लिहिलं नव्हतं.

साहेबांनी बघितलं. "भिंत फायलीला लावता येत नाही, आजी."

कौसल्या रडली नाही. "मी पेपर लिहिले न्हाईत," एवढंच म्हणत राहिली.

"तसं लेखी द्या. तुमच्या हातानं."

तिनं लिहून दिलं: 'हे पेपर मी लिहिलेले नाहीत.' साहेबांनी तो कागद एकवीस पेपरांशेजारी ठेवला, चष्मा वर केला आणि गणित सुटल्यासारखे खूश झाले.

"बघा. तोच हात."

वर्ग रद्द झाला. कौसल्याचं नाव यादीतून गेलं आणि अंगणवाडीसाठी बद्रीनाथांच्या बायकोचा अर्ज आला. बाईंचं माहेर कौसल्याच्याच गावातलं, त्यामुळं नियमाला धरून होतं.

चार दिवसांनी गोजरबाई बौद्धवाड्यात आली. कौसल्या खुरपं घेऊन निघाली होती, गावातल्या सर्जेरावांच्या कापसात मजुरीनं निंदायला.

"पोरी, जिल्ह्याला अर्ज करू. जालन्याला. आमच्या एकवीस जणींच्या सह्या घे."

"कुणी लिहायचा, मावशी?"

"तू लिही."

"माझं अक्षर त्यांच्या फायलीत हाय."

"मंग मी लिहिते."

"तुमचं अक्षर माझंच हाय."

गावात लिहिणाऱ्या बायका बावीस आणि त्यातल्या एकीलाही अर्ज लिहिता येत नव्हता.

शेवटी गोजरबाई सरळ बद्रीनाथांच्या गावी गेली. त्यांच्याकडं हव्या तेवढ्या वळणांची अक्षरं होती. बद्रीनाथांनी ऐकून घेतलं, चहा पाजला, बायकोनं खारी दिली.

"लिहितो ना, काकू," ते म्हणाले. "त्यात काय? हिची अंगणवाडीची ऑर्डर येऊ द्या फक्त."