झाकणाची घाई

तिसऱ्या दिवशीही ऑफिसात डबा उघडला आणि हरभऱ्यांना आंबूस वास आला. पुन्हा बिस्किटांवर भागवलं. रात्रपाळीहून आलेला नवरा डोळे चोळत रोज माझा डबा भरतो; त्याला बोलणार तरी कसं? पण संध्याकाळी तोंडून निघालंच.

"कढत हरभरे भरून लगेच झाकण दाबतोस. वाफेचं पाणी होतं नि दुपारपर्यंत सगळं आंबतं."

"तुला गरम मिळावं म्हणून गं. मग तीन दिवस काय खाल्लंस?"

मी पर्समधला बिस्किटांचा पुडा दाखवला.

सकाळी हरभरे ताटात पसरून तो पंख्याखाली पेंगत होता. शेजारी उकडलेली अंडी, न सोलता कोरडी पुसलेली.

"अरे, बस चुकेल!"

"चुकू दे. निवल्याशिवाय झाकण नाही. आणि पर्समधली बिस्किटं मी खाल्लीत."