एक क्लॉक आधी

१९९८ साली संगमनेरच्या एका कॉलेजात मी व्हेरिलॉगची, म्हणजे सर्किट लिहून काढायच्या संगणकी भाषेची, प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा घेत होतो. प्रश्न होता १०११ हा क्रम ओळखणाऱ्या सर्किटचा.

"पंकजा, शेवटचा एक येताच तुझं आउटपुट वर गेलं. माझ्या नमुना उत्तरात ते क्लॉकचा पुढचा ठोका पडल्यावर जातं."

"सर, माझं सर्किट मिली पद्धतीचं आहे. त्याचं आउटपुट सर्किटनं साठवलेली स्थिती, म्हणजे स्टेट, आणि आत्ताचं इनपुट दोन्ही बघतं. तुमचं मूर असेल, ते नुसती स्टेट बघतं."

"परीक्षकाला शिकवू नकोस," म्हणत मी तिला नापास केलं. नमुना माझ्याच हातचा, त्यामुळे त्यावर माझा फार विश्वास.

चहाला त्याच कॉलेजातल्या गहिनीनाथ सरांनी प्रश्नपत्रिका चाळली. "अहो, मूरच हवं असं कुठं लिहिलंय?"

कुठंच नव्हतं. पंकजाची पुण्यातली नोकरी या निकालावर अडली होती आणि ती बाहेर जिन्यावर रडत बसली होती.

मी प्राचार्यांसमोर गुणांचं सीलबंद पाकीट फोडलं, गुण बदलले आणि शेऱ्यात 'फेरतपासणी' लिहिलं. फारच सभ्य शब्द. तो खोडून 'परीक्षकाची चूक' लिहिलं, सही केली आणि जिन्याकडे निघालो.