कपाटातला इतिहास

ज्ञानेश्वरीने हॉल रिकामा केला, तेव्हा आपण फार शहाणपणाचं काम करतोय असंच तिला वाटत होतं. सोफा गॅलरीत गेला, पडदे धुवायला निघाले, सतरंजी गुंडाळून माळ्यावर गेली. लखलखीत फरशीवर मधोमध मांडी घालून तिने मोबाईल ओठांशी धरला, अगदी मंडळाच्या स्टेजवर माईक धरतात तसा, आणि इतिहासाचं पहिलं प्रकरण खणखणीत आवाजात वाचायला घेतलं. पाहुणे यायचे असले की घर आवरायचं, पूजा असली की घर आवरायचं, मग रेकॉर्डिंग असलं की नाही का आवरायचं? तिच्या हिशेबात हे चोख बसत होतं.

वाचन होतं हेतलसाठी. हेतल चिंचणीची, बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला, आणि तिला जन्मापासून दिसत नाही. गेल्या वर्षी याच इतिहासाने तिला नापास केलं होतं. पुस्तक जुनं, त्याचा ऑडिओ कुठे मिळेना. पानांचे फोटो काढून मोबाईलला वाचायला लावावं, तर तो जोडाक्षरांची अशी खिचडी करायचा की ऐकणाऱ्याने डोकं धरावं. यंदा पुन्हा नापास झाली तर घरचे तिचं शिक्षण थांबवणार होते, आणि हे तिने ज्ञानेश्वरीला पहिल्याच फोनवर सांगून टाकलं होतं. हेतलच्या कॉलेजच्या सरांनी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेलं 'कुणी मराठी वाचून देईल का' फिरत फिरत ज्ञानेश्वरीच्या नजरेस पडलं आणि तिने पटकन हो म्हटलं.

हो म्हणायला तिलाही कारण होतं. परभणीला ती शाळेत शिकवायची. सुजितला तारापूरच्या कारखान्यात नोकरी लागली, लग्न झालं, आणि ती बोईसरला आली. इथे भाजीवाल्याशी हिंदी, शेजारणीशी हिंदी, आणि नवरा रात्रपाळी करून दिवसभर झोपलेला. घसा आहे तो फक्त आवंढा गिळायला, असं तिला वाटायला लागलं होतं.

चार प्रकरणं पाठवून ती कौतुकाची वाट पाहत बसली. फोन आला तो असा:

"वहिनी, राग नका मानू, पण ह्ये मला ऐकता येत नाय."

"का गं? मोठ्याने तर वाचलंय."

"मोठ्यानं हाय, पण घुमतंय. मी दुप्पट वेगानं ऐकते ना, नायतर एवढं पुस्तक कधी संपायचं? वेग वाढवला की एका शब्दाची शेपटी दुसऱ्यावर चढते. आन् 'प' आला, 'फ' आला, 'भ' आला की कानात फटाका. तुमी फोन तोंडाला लावता काय?"

ज्ञानेश्वरीचं तोंड उतरलं. एवढा घाट घातला, वर शेजारणीला गॅलरीतल्या सोफ्याचं स्पष्टीकरण दिलं, त्या सगळ्यावर पाणी! मनात आलं, फुकट वाचून देतेय, तर नखरे बघा हिचे. पण पेपर तोंडावर आला होता आणि पोरगी खोटं बोलत नव्हती.

"काल तुमी एक निरोप पाठवला बघा, 'पाचवं उद्या देते' म्हनून," हेतल म्हणाली. "त्यो कसला साफ व्हता! कुठं बसला होता तुमी?"

कुठे बसणार? सुजितचा शर्ट शोधायला बेडरूमच्या कपाटात डोकं घातलं होतं, आणि तशीच बोलली होती. हे सांगताना तिला लाज वाटली, पण पलीकडून हेतल खदखदून हसली.

"मंग तिथंच वाचा! फरशी आन् भिंती आवाज परत फेकतात. कपडे फेकत नाय, गिळून टाकतात."

तर असं झालं, की परभणीच्या बाई पहिली चारही प्रकरणं पुन्हा वाचायला कपाटासमोर स्टुलावर बसल्या. साड्या आणि शर्टांच्या मध्ये, फळीवर घडी केलेल्या टॉवेलवर मोबाईल उभा. ओठांपासून वीतभर अंतर, आणि तोंड अगदी समोर नाही, किंचित बाजूला, म्हणजे 'फ'ची हवा माईकवर आदळत नाही. फोन हातात धरायचा नाही, बोटं सरकली की खरखर होते. एअरप्लेन मोड चालू, पंखा बंद. पहिल्या दिवशी तिने फ्रीजसुद्धा बंद केला, मग चालू करायला विसरली आणि दूध नासलं. तेव्हापासून फ्रीजला माफी, तो हॉलमध्ये होता आणि मध्ये दार होतं.

तिची एक खोड मात्र जाता जाईना. शाळेच्या पाठांतर स्पर्धेत एक शब्द चुकला की मूल बाद, हा नियम तिने इतकी वर्षं चालवला होता की तोच तिच्या अंगात मुरला. शेवटच्या ओळीला अडखळली तरी ती सगळं पुसायची आणि पान पहिल्यापासून वाचायची. संध्याकाळपर्यंत आवाज बसायचा. पानाच्या शेवटी तर ती वाचते आहे की झोपेत बडबडते आहे, कळू नये.

"थांबवूच नका वहिनी," हेतलने समजावलं. "चुकलात की जरा गप्प ऱ्हावा, जिभेनं टक् करा, आन् तेच वाक्य सुरवातीपासनं परत म्हना. शब्दापासनं नाय, वाक्यापासनं. जागेवरनं हलू नका, नायतर जोड कळतो."

ते टक् मोबाईलच्या पडद्यावर, आवाजाच्या रेघेत टोकदार दिसायचं. तिथवर बोट न्यायचं, चुकलेलं वाक्य कापायचं, आणि पाठवण्याआधी इअरफोन लावून एकदा ऐकायचं. एवढं सोपं होतं आणि ती घसा फोडून घेत होती!

आता अडचण उरली एकच, आणि ती पलंगावर पसरली होती. सुजितच्या झोपेच्या वेळीच रस्ता जरा शांत असायचा. ती दबक्या आवाजात वाचायची. हेतलचा निरोप आला, "सगळं छान, पन मागं कोन सायकलीत हवा भरतंय?"

ज्ञानेश्वरी हसली, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. रात्रभर मशीनसमोर उभ्या राहिलेल्या माणसाला उठवायचं कोणत्या तोंडाने? आणि नाही उठवलं, तर उरलेली प्रकरणं व्हायची कधी? ती कपाटापाशी तशीच बसून राहिली.

"माझं घोरणं जातंय ना त्यात?" सुजित कधी जागा झाला होता कुणास ठाऊक. त्याने उशी काखोटीला मारली, माळ्यावरची सतरंजी काढली आणि अजून रिकाम्याच असलेल्या हॉलकडे निघाला.

"अहो, गादी तरी न्या!"

"गादी राहू दे इथेच. कपडे, गाद्या आवाज गिळतात, तूच म्हणालीस ना?" दारात तो थांबला. "वाच तू. लग्नाआधी फोनवर ऐकायचो, तसा आवाज आज परत ऐकला."

पेपर होईपर्यंत तो उघड्या फरशीवर सतरंजी टाकून झोपला, आणि एकदाही कुरकुरला नाही. तिने त्याचे आभार मानले नाहीत, कारण तोंड उघडलं असतं तर रडू आलं असतं आणि आवाज बिघडला असता. तिने फक्त वाचलं. शेवटचं प्रकरण पेपरच्या दोन दिवस आधी गेलं. हेतलने उत्तरात एवढंच पाठवलं, "एकदाबी मागं जाऊन परत ऐकावं लागलं नाय."

पेपरच्या दिवशी ज्ञानेश्वरीचा जीव टांगणीला लागला होता. भाजीत मीठ दोनदा पडलं. दुपारी फोन वाजला.

"वहिनी, सगळं लिवलं. एक प्रश्न पन सोडला नाय."

"खरंच गं?"

"खरंच. लेखनिक बाई प्रश्न वाचायची, मी उत्तर सांगायची, ती लिवायची. पन गंमत सांगू? उत्तर मला तुमच्या आवाजात येत व्हतं. तुमी सांगताय आन् मी नुसती मागनं बोलतेय. बाई म्हनाली, सावकाश गं, माझा हात दुखला."

ज्या आवाजाचं इथे कुणाला काही पडलेलं नाही असं ज्ञानेश्वरी धरून चालली होती, तो आज परीक्षेच्या वर्गात जाऊन बसून आला होता.

"वहिनी? हाय ना तुमी?"

"आहे," ती म्हणाली. "आहे गं मी."