अप्पांचा नंबर

मी त्या सोमवारी सेटिंग बदलली ती रागात. आमचे अप्पा, म्हणजे दत्तात्रेय मास्तर, रिटायर झाल्यापासून माझं लास्ट सीन तपासायचे. मी धारवाडजवळ बेलूरच्या कारखान्यात ऑफिसात काम करते आणि धारवाडला खोली घेऊन राहते. ते हुबळीला केशवापुरात. पण एक वाजून दहा मिनिटांनी मी व्हॉट्सअ‍ॅप उघडलं, की दीडला फोन. "यशवंतला उत्तर दिलंस का? फोनवर तर होतीस की!"

यशवंत म्हणजे त्यांनी पसंत केलेलं स्थळ. मला तो नको होता. हे तोंडावर सांगायचं धाडस नव्हतं, म्हणून महिनाभर 'बघते' म्हणून टोलवत होते. त्यात सुमंतकाकांनी मला वधूवरांच्या चार ग्रुपमध्ये घातलं. माझा प्रोफाइल फोटो तिथून उचलून कुणीतरी बायोडेटावर चिकटवला. डोकंच फिरलं माझं!

प्रायव्हसीत गेले. ग्रुपच्या पर्यायात 'कुणीच नाही' असं नसतंच, म्हणून 'माझे कॉन्टॅक्ट, पण हे सोडून' घेतलं आणि काकांना वगळलं. लास्ट सीन आणि फोटो अप्पांपुरते बंद केले. ऑनलाइन दिसणंही लास्ट सीनसारखंच ठेवलं. आता मलाही त्यांचं लास्ट सीन दिसणार नव्हतं, पण त्यात काय अडलं होतं? दुसऱ्या दिवशी काकांनी ग्रुपचं आमंत्रण खाजगीत पाठवलं. तीन दिवसांत ते आपोआप विझतं. विझू दिलं. कधी नव्हे ती मी निवांत जेवले.

बुधवारी अप्पांच्या चॅटमध्ये ओळ उमटली: अप्पांनी डिसअपिअरिंग मेसेज चालू केले, नवीन मेसेज चोवीस तासांत जातील. असं का? मला वाट्टेल ते बोलायचं आणि पुरावा ठेवायचा नाही! मी बंद केलं. गुरुवारी पुन्हा चालू. शुक्रवारी सकाळी मी पुन्हा बंद केलं. इकडून बंद, तिकडून चालू, पोरखेळ नुसता.

त्याच दिवशी दुपारी मेसेज आला. "बेडा असेल तर सरळ बेडा म्हण. माझ्यासारखं हो म्हणून बसू नको."

मी तो तीनदा वाचला. बेडा म्हणजे नको, आमच्या हुबळीकडचं कानडी. टोमणा मारायचा तर मारा, पण लग्नाला हो म्हटल्याचा पस्तावा सांगून आईला कशाला ओढायचं? माझा तोल गेला. लिहिलं, "हे आईसमोर म्हणून दाखवा. तिनं तुमच्याशी कसा संसार केला, तिलाच ठाऊक."

उत्तर आलं नाही. शनिवारी दीडचा फोनही नाही. रविवारी सकाळच्या बसनं केशवापूर गाठलं, भांडायच्या तयारीनंच. अप्पा बाहेरच्या खोलीत फोन घेऊन बसले होते. 'ये' म्हणाले, बास. मी तरातरा स्वयंपाकघरात गेले.

"आई, हे मेसेज गायब करायचं खूळ अप्पांच्या डोक्यात कुणी घातलं?"

आईचा लाटणं धरलेला हात थांबला. "ते मी केलेलं गं, दीपू. शेजारच्या सरस्वतीअक्कानं शिकवलं."

"तू? तू लिहितेस?"

"ते पूजेला बसले की लिहिते. मग वाचतात आणि मोठ्यानं माझ्या लिहिण्यातल्या चुका काढतात, सुमंतभावजींसमोर. म्हणून म्हटलं, दिवसभरात जाऊ दे आपलं आपण."

घरात फोन एकच, नंबर अप्पांचा. आई त्यावर फक्त बघते, असं मी धरून चालले होते. "शुक्रवारचा मेसेज..."

"माझाच. चष्मा नव्हता, तू बंद केलेलं दिसलं नाही मला. पाठवला आणि पोळ्या करायला आले." आई पिठाकडे बघत होती. "त्यांनी तो वाचला. वर तुझंही वाचलं. दोन दिवस झाले, माझ्याशी शब्द नाही."

मी सहा दिवस जे दार लावून घेत होते, त्या दाराबाहेर आईही उभी होती. फोटोसुद्धा तिच्यापासून लपवला होता मी. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"मग तो मेसेज काढून टाक ना!"

"काढू देत नाहीत. उघडून उघडून वाचतात."

मागे चाहूल लागली. अप्पा दारात उभे होते, चष्मा कपाळावर, फोन हातात. मला वाटलं, आता सुरू होणार. पण त्यांचा आवाज अगदी खाली होता.

"दीपे, तो यशवंत तुला बेडा आहे का?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हो, अप्पा. बेडा."

"बरं. मी कळवतो त्यांना." ते वळले, आणि पाठमोरेच म्हणाले, "तेहतीस वर्षांत हिनं हे एकदा तरी तोंडानं म्हणायचं होतं. चुका नसत्या काढल्या मी."

तव्यावरची पोळी करपत होती, ती मी उलटली.