मीटर वहिनींच्या नावावर

तिन्ही मशीन एकदम सुरू केली आणि वर इस्त्री लावली की फ्लॅटचा मेन स्विच खाली पडायचा. शिवणवाली खुर्चीवर चढून तो वर करायची आणि खाली उतरेपर्यंत तो पुन्हा पडायचा. शेवटी ती खुर्ची तिथेच ठेवायला लागली. हॉस्पिटलच्या दोनशे गणवेशांचं काम तिने घेतलं होतं, आणि एका वेळी एकच मशीन चालवून ते वेळेत होणं शक्य नव्हतं. काम वेळेत गेलं तर हॉस्पिटल वर्षभराचं देणार होतं. नाही गेलं तर समोरच्या गल्लीतला टेलर तयारच बसला होता.

वीज कार्यालयातल्या चष्मेवाल्या बाईंनी तिचा अर्ज वाचायच्या आधी बिल वाचलं.

"भार वाढवून हवाय ना? तो ग्राहकालाच मिळतो. ग्राहक या बाई आहेत. तुम्ही कोण?"

"त्यांची नणंद. फ्लॅट मी घेतलाय त्यांच्याकडून."

"मग आधी नाव बदला, भार नंतर." बाईंनी बोटांवर मोजलं. "नाव बदलायचा अर्ज, नोंदणी झालेल्या खरेदीखताची प्रत, तुमचं ओळखपत्र, शेवटचं भरलेलं बिल. आणि जुन्या ग्राहकाचं पत्र, नाव बदलायला हरकत नाही आणि अनामत तुमच्याकडे वळवायची म्हणून."

शिवणवालीने पर्समधून खरेदीखताची झेरॉक्स काढली. पहिली दोन पानं आणि सह्यांचं शेवटचं पान. एकोणीस पानांचं खत होतं, पण कापडाचा तुकडासुद्धा वाया जाऊ न देणाऱ्या बाईने मधली सोळा पानं कशाला छापायची? मालकाचं नाव पहिल्या पानावर, सही शेवटच्या पानावर. मध्ये काय असणार, शब्दांचं अस्तर.

"पत्र नसलं तर?"

"तर आम्ही त्यांना कळवतो. त्यांचं म्हणणं येईपर्यंत अर्ज थांबतो. अनामतही नव्याने भरावी लागते." बाईंनी तीन पानांकडे पाहून चष्मा वर सरकवला. "नणंद-भावजय आहात ना? मग पत्र काय, चहा पिता पिता मिळेल."

शिवणवाली हसली नाही.

वहिनींकडे चहा मिळाला. तो कपबशीत नव्हे, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या काचेच्या ग्लासात, म्हणजे तू घरची नाहीस हे ग्लासच सांगत होता. फ्लॅट वहिनींच्या स्वतःच्या नावावर होता, त्यांच्या वडिलांनी घेऊन दिलेला. एका औषधवाल्याने त्याला जास्त किंमत लावली होती. "घरातली वस्तू घरातच राहू दे," असं म्हणून त्यांच्या नवऱ्याने, म्हणजे शिवणवालीच्या भावाने, तो बहिणीला द्यायला लावला आणि स्वतः नोकरीच्या गावी निघून गेला. तेव्हापासून फोनवर त्याचं एकच वाक्य असायचं: तुम्ही बायका आपसात मिटवा.

"पत्र हवंय वन्सं?" वहिनी म्हणाल्या. "माझ्या नावावर अजून काहीतरी उरलंय म्हणायचं."

"एक सही आहे वहिनी. त्याने तुमचं काय जातं?"

"माझं काय जातं ते तुम्हाला कधी दिसलंय? भाव माझा गेला. घर माझं गेलं. आणि तुमची आई माझ्याकडे राहिली." त्यांनी आतल्या खोलीकडे मान वळवली. दार अर्धं उघडं होतं आणि आत खाट करकरली. "सात वर्षं मी औषधं देतेय. तुम्ही रविवारी संत्री आणता."

"माझ्याकडे जागा कुठंय? हॉलमध्ये मशीन, खोलीत कापड. आईला काय कपाटात ठेवू?"

"तो तुमचा प्रश्न. मीटर माझ्या नावावर आहे. उद्या बंद करायचा अर्ज दिला तर लोक येऊन काढून नेतील. मी काय वाईट केलं? माझंच मीटर, माझीच अनामत." वहिनींनी ग्लास उचलून नेला, अर्धा चहा तसाच होता. "आईंना न्या. सही घ्या."

शिवणवाली तेव्हा नाही म्हणाली. नीट, स्पष्ट, आतल्या खोलीत ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

पाण्याचं तरी उरकावं म्हणून ती पाणी खात्यात गेली. तिथला बाबू जेवणाच्या डब्याला टेकवून फाइल वाचत होता.

"पाण्याची जोडणी नावावर करायची तर आधी घरपट्टीवर नाव लागतं. तिकडे नाव चढलं की तो उतारा, सोसायटीचं पत्र, पाणीपट्टीची थकबाकी नाही याचा दाखला आणि खरेदीखत."

"खरेदीखत आहे." तिने तीन पानं पुढे केली.

बाबूने ती नाकाजवळ धरली, जणू वास घेतोय. "बाकीचं खत उंदराने खाल्लं का? सगळी पानं लागतात. घरपट्टीलासुद्धा. शेजारच्या खिडकीत द्या, महिनाभर लागेल."

तिने झेरॉक्सच्या दुकानात एकोणीसच्या एकोणीस पानांच्या दोन प्रती काढल्या. दुकानात उभ्याउभ्या त्या वाचाव्यात असं तिच्या मनात आलं नाही. एक घरपट्टीच्या खिडकीत देऊन तिने पोचपावती घेतली, दुसरी पिशवीत टाकली.

त्या आठवड्यात बावीस गणवेश झाले. हॉस्पिटलच्या मेट्रनचा फोन आला. "जमतंय ना? नाहीतर आत्ताच सांगा." ती "जमतंय" म्हणाली, फोन ठेवला आणि खुर्चीवर चढून मेन वर केला. खाली उतरल्यावर तिने वहिनींना फोन लावला.

"न्यायला तयार आहे," ती म्हणाली.

"शब्दावर विश्वास नाही वन्सं. मंगळवारी वीज कार्यालयातच भेटू. इकडे तुम्ही आईंना घ्या, तिकडे मी पत्र देते."

मंगळवारी वहिनी वेळेआधी येऊन बसल्या होत्या. शेजारी बाकावर आई, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीच्या तोंडातून औषधांचा डबा डोकावत होता. आई लेकीकडे न बघता समोरच्या भिंतीवरची 'येथे पैसे मागणाऱ्याची तक्रार करा' ही पाटी वाचत होती. एकदा वाचून झाली की पुन्हा पहिल्यापासून.

"आली का," आई पाटीलाच म्हणाली.

वहिनींनी पर्समधून घडी घातलेला कागद काढून दाखवला आणि मुठीत ठेवला. "सही केलेली आहे. आधी आईंची पिशवी हातात घ्या."

"आधी पत्र खिडकीत द्या."

"तुम्ही आधी."

"कोण आधी ते ठरवा, पण रांग सोडू नका," मागचा माणूस म्हणाला.

चष्मेवाल्या बाईंनी हात पुढे केला. "कागद द्या."

शिवणवालीने अर्ज, ओळखपत्र, भरलेलं बिल दिलं आणि पिशवीत हात घालून खरेदीखत. या वेळी हाताला लागलं ते जाडजूड होतं. बाईंनी ते घेतलं आणि सवयीने मधूनच उघडलं. अंगठ्याने पानं सोडत सोडत त्या अकराव्या पानावर थांबल्या.

"हे काय, यात आहेच की." त्यांनी बोट ठेवून वाचलं. "'सदर सदनिकेची वीज व पाणी जोडणी, त्यापोटी भरलेल्या अनामत रकमांसह, खरेदी घेणार यांचे नावे करण्यास विकणार यांची याद्वारे संमती असून त्यासाठी वेगळ्या संमतीची आवश्यकता राहणार नाही.' खाली तुमची सही आहे बाई." हे वहिनींना. "वेगळं पत्र कशाला? खतात नसेल तरच ते लागतं. गेल्या वेळी तीनच पानं दाखवलीत, मला कसं कळणार?"

वहिनींनी खिडकीत मान घातली. "मी असं काही लिहून दिलेलं नाही."

"प्रत्येक पानावर सही आहे तुमची. ही बघा."

"वकिलाने जिथे बोट ठेवलं तिथे केली."

"सगळेच तसं करतात," बाई म्हणाल्या आणि शिक्का मारायला लागल्या.

वहिनींनी मान खिडकीतून बाहेर काढली. मग मुठीतला कागद त्यांनी चार वेळा फाडला. कचऱ्याची पेटी समोर असूनही तुकडे परत पर्समध्ये ठेवले.

"फुकटात काम झालं तुमचं वन्सं. नेहमीसारखं."

"आणि तुमची धमकी फुकट गेली."

"आईंना मी परत नेणार नाही. त्यांची खाट सकाळीच उचलून बाल्कनीत ठेवलीय." त्या आईकडे वळल्या. वाकून पिशवीतला औषधांचा डबा नीट आत दाबला. "पांढरी गोळी जेवणाआधी, वन्सं. नंतर दिली तर त्यांना मळमळतं." आणि त्या निघून गेल्या. दाराशी त्यांना कोणाचा तरी धक्का लागला, तर त्यालाही त्या चार शब्द ऐकवून गेल्या.

बाईंनी पोचपावती दिली. नाव पुढच्या बिलावर येईल, भाराचा अर्ज त्यानंतर लगेच आणा. शिवणवालीने मनातल्या मनात दिवस मोजले. रात्रपाळीला एक बाई ठेवली तर गणवेश पुरे होत होते, कसेबसे. तिने पावती ब्लाउजच्या मापांच्या वहीत ठेवली आणि बाकाशी आली.

"चल आई."

आई हलली नाही. "सही मिळाली?"

"लागलीच नाही."

"ऐकलं मी. कान शाबूत आहेत." आईने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "मग मी आता कशाच्या बदल्यात येतेय?"

शिवणवालीला वाटलं होतं, आई रडेल किंवा शिव्या देईल. दोन्हीची तिच्याकडे उत्तरं होती.

"त्या दिवशी तुझ्याकडे जागा नव्हती," आई म्हणाली. "मोठ्याने म्हणालीस. मीटरसाठी जागा झाली. आता मीटरही झालं. बोल, आहे की नाही?"

मागच्या रांगेतली माणसं छताकडे, मोबाइलकडे, कुठेही बघत होती.

"नाहीये," शिवणवाली म्हणाली. "खरंच नाहीये. खोलीत कापडाचे गठ्ठे आहेत, दोन माणसांना पायसुद्धा टाकता येत नाही." ती बाकाच्या कडेला टेकली. "गठ्ठे हॉलमध्ये येतील. तिसरं मशीन दाराजवळ जाईल."

"दाराजवळ उजेड नाही. डोळे फोडून घेशील."

"मग कुठे ठेवू?"

"कापायचं टेबल मोठं आहे तुझं. अर्धं कर. आयुष्यभर मी जमिनीवर बसून कापड कापलं, तुला टेबल लागतं."

"उद्या सुताराला बोलावते."

"आज बोलव. मला उद्याची सवय नाही."

तिने तिथेच बाकावर बसून सुताराला फोन लावला. तो संध्याकाळी येतो म्हणाला. आईने सगळं बोलणं ऐकलं, टेबलाचं माप चुकीचं सांगितलं तिथे टोकलं आणि मग गुडघ्यावर हात देऊन उठली.

शिवणवालीने पिशवीला हात लावला. आईने तो बाजूला केला.

"माझी आहे," आई म्हणाली, आणि पिशवी छातीशी धरून एकेक पायरी उतरू लागली. लेक एक पायरी मागे राहिली. मदत केली तर ओरडा बसला असता, आणि नाही केली तरी बसणारच होता.