बाकी उरलेला रविवार

समुपदेशक बाईंनी समझोत्याचा मसुदा पुन्हा वाचला. एक जून ते एकतीस ऑगस्ट, दोन्ही दिवस धरून, दर रविवारी लेक बापाकडे. त्यानंतर ती आईबरोबर कायमची परदेशी जाणार होती.

"ब्याण्णव दिवस, भागिले सात. तेरा रविवार," बायकोचा वकील म्हणाला.

बापाची बाजू त्याची थोरली बहीणच मांडत होती. ती फणकारली, "आणि बाकी काय खिशात घालताय? तेरा पूर्ण आठवडे, प्रत्येकात एक रविवार, कबूल. पण एक दिवस उरतो. एक जूनला रविवार आहे, म्हणजे आपला प्रत्येक आठवडा रविवारी सुरू होऊन शनिवारी संपतो. मग उरलेला दिवस कोणता? रविवारच की! चौदा लिहा."

वकिलाने मुकाट्याने मान हलवली. बापाचा चेहरा खुलला. तेवढ्यात वकिलाशेजारी बसलेली बायको हळूच म्हणाली, "तो उरलेला रविवार म्हणजे एकतीस ऑगस्ट. त्याच दिवशी दुपारी आमचं विमान आहे."

ताईचा सगळा आवेश ओसरला. बाईंचं पेन कागदावर तसंच अडून राहिलं.

"मग तेराच लिहू का?" त्यांनी विचारलं.



"नाही, चौदाच लिहा," बाप म्हणाला. "त्या दिवशी तिची बॅग मी उचलीन."